एका पानाची उजळणी दर वेळी चार पानांची का होते?

तक्रार ठरलेली असते. परीक्षा आठ दिवसांवर येते, मोबाइलमधले नोट्सचे फोटो उघडले जातात, सगळ्या विषयांचं मिळून एकच पान करायचं असं ठरतं. दोन तासांनी बघावं तर पहिल्या विषयाच्या तिसऱ्या धड्यालाच पान संपलेलं असतं. मग अक्षर बारीक होतं, समासात उभं-आडवं लिहिणं सुरू होतं आणि शेवटी मागे दुसरा, तिसरा कागद टाचला जातो. परीक्षेच्या सकाळी तो गठ्ठा उघडायची इच्छाही होत नाही.

मी उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिक आणि रसायन शिकवते, त्यामुळे असे गठ्ठे माझ्याकडे दर परीक्षेला येतात. या वेळी माझा भाचा घेऊन आला. त्याच्याकडे भौतिकचे १७, रसायनचे १९ आणि जीवशास्त्राचे १० असे ४६ फोटो होते. काही त्याच्या वहीचे, काही फळ्याचे, काही मित्राने पाठवलेले. "मावशी, तीनदा करून बघितलं, मावतच नाही," तो म्हणाला. आम्ही दोघांनी बसून ते पान केलं. कुठे काय अडलं आणि कसं सुटलं, ते इथे सविस्तर देते, कारण ही अडचण फक्त त्याची नाही.

आधी पान मोजून घ्या

ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. चारही बाजूंनी १५ मिलिमीटर सोडले आणि ओळीला ७ मिलिमीटर धरले, तर ३८ ओळी बसतात. दोन रकाने केले तर ७६ छोट्या ओळी. एका छोट्या ओळीत हाताने लिहिलेले पाच-सहा शब्द मावतात, म्हणजे पूर्ण पानात साधारण ४०० शब्द.

आता फोटोंकडे बघा. वहीच्या एका पानावर सव्वाशे-दीडशे शब्द सहज असतात. ४६ पैकी तीन फोटो दुबार निघाले, म्हणजे ४३ पानं, म्हणजे साडेपाच हजारांहून जास्त शब्द. चौदा शब्दांतला एकच पानावर येणार आहे. अक्षर निम्मं बारीक करता येईल, चौदापट नाही. तेव्हा हे काम लहान अक्षरात उतरवण्याचं नसून निवडीचं आहे, आणि भाच्याच्या तिन्ही प्रयत्नांत नेमकी निवडच झालेली नव्हती. तो पहिला फोटो उघडायचा, त्यातलं महत्त्वाचं वाटेल ते लिहायचा, मग दुसरा फोटो. फोटोंच्या क्रमाने चाललं की प्रत्येक फोटोत काहीतरी महत्त्वाचं दिसतंच. पान भरेपर्यंत ४३ फोटोंत मिळून काय काय आहे, याचा अंदाज कोणालाच नसतो.

आपलं दुखणं हेच आहे का, ते ओळखायची सोपी खूण आहे. जुनं फसलेलं पान काढा आणि बघा: वर सुटसुटीत, खाली दाटी, आणि शेवटचा विषय जवळजवळ नाहीच. तसं असेल तर तुम्हीही फोटोंच्या क्रमाने उतरवत होतात.

फोटोंना नंबर द्या, मग पेन उचला

पहिला तास आम्ही पानाला हात लावला नाही. फोटो एका फोल्डरमध्ये आणले आणि नावं बदलली: भौतिकला `P-01`, `P-02`, रसायनला `C-01`, जीवशास्त्राला `B-01`. एक आकडी नंबराच्या आधी शून्य हवं, नाहीतर बऱ्याच ठिकाणी यादीत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. मित्राने पाठवलेल्या फोटोंची तारीख बघून क्रम लावायला जाऊ नका. मेसेजमधून आलेल्या फोटोला बहुधा तो पोचल्याची तारीख लागलेली असते, काढल्याची नाही. तिथे वरच्या कोपऱ्यातला धडा आणि पानावरची वाक्यं कुठे तुटतात हे बघूनच क्रम लावावा लागतो.

नावं बदलताना प्रत्येक फोटो मोठा करून चारही कडा बघायच्या. आम्हाला दोन फोटो हललेले सापडले, ते त्याने वहीतून परत काढले. कडा मात्र आम्ही घाईत बघितल्या. त्याचा फटका पुढे बसला.

मग यादी. दर फोटोला फक्त एक ओळ: नंबर आणि त्या पानावर कशाबद्दल आहे ते तीन-चार शब्दांत. सूत्र लिहायचं नाही, व्याख्या लिहायची नाही. हे पाळणं फार जड जातं, हात आपोआप उतरवायला लागतो. पण या यादीमुळेच पहिल्यांदा सगळा माल एकत्र दिसतो. एकच गोष्ट तीन पानांवर पसरलेली असेल तर तिथे एक मुद्दा धरला. ४३ पानांचे असे २९ मुद्दे झाले.

फोटोतला मजकूर आपोआप टाइप करून देणाऱ्या सोयीचा मोह होतो, म्हणून एक सांगते. यादीपुरती ती चालेल, सूत्रांसाठी तिच्यावर विसंबू नका. हाताने लिहिलेला घातांक खाली उतरतो: `10²³` चं `1023` होतं, `10⁻³` मधली उणे खूण गळून `103` उरतं. वाचताना हे खटकत नाही, कारण आकडा आकड्यासारखाच दिसतो. सूत्र नेहमी फोटो बघून स्वतः लिहा.

विषय पुसा, मुद्दे जुळवा

आता २९ ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर घेतल्या आणि टेबलावर पसरल्या. मी त्याला म्हटलं, "कुठला विषय ते विसर. एकसारखं गणित कुठे आहे ते बघ." दहा मिनिटांनी त्याने तीन चिठ्ठ्या एकत्र सरकवल्या: भौतिकमधला किरणोत्सर्गी क्षय, रसायनमधली फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन आणि जीवशास्त्रातली लोकसंख्यावाढ. वहीत या तिन्हींना मिळून पाच पानं लागली होती. पानावर ते असं आलं:

```
N = N0 e^(-λt)      t½ = 0.693/λ
[A] = [A]0 e^(-kt)  t½ = 0.693/k
N = N0 e^(rt)       दुप्पट = 0.693/r
```

तिन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात: आत्ता जितकं आहे, त्याच्या प्रमाणात बदल होतो. ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग, म्हणून निम्मं व्हायला किंवा दुप्पट व्हायला तोच आकडा लागतो. रसायनच्या वहीत हेच सूत्र २.३०३ आणि साध्या लॉगने लिहिलं होतं. तो २.३०३ म्हणजे १० चा नैसर्गिक लॉग, एका लॉगवरून दुसऱ्यावर जायचा गुणक. हे कळल्यावर भाचा म्हणाला, "मग मी दोन वेगळी सूत्रं पाठ करत होतो?" हो, वर्षभर. मुद्द्यांनुसार गट करण्याचा खरा फायदा हाच आहे. जागा वाचते ती वेगळीच, पण एकदा समजलेली गोष्ट तीन ठिकाणी कामाला येते.

पण असा गट करताना एक धोका असतो, आणि नीट अभ्यास करणारी मुलंच त्यात जास्त अडकतात. आमचं तसंच झालं. उष्मागतिकीचा पहिला नियम दोन विषयांत होता, म्हणून `P-09` आणि `C-04` शेजारी आले:

```
P-09:  ΔU = Q - W
C-04:  ΔU = Q + W
```

त्याला वाटलं की एका ठिकाणी लिहिताना चूक झाली आहे. त्याने रसायनच्या ओळीतली अधिकची खूण खोडून उणे केलीही. मी थांबवलं. दोन्ही बरोबर आहेत. भौतिकच्या नोट्समध्ये `W` म्हणजे वायूने बाहेर केलेलं कार्य, रसायनच्या नोट्समध्ये `W` म्हणजे वायूवर झालेलं कार्य. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने प्रसरण पावून २०० ज्यूल कार्य केलं असं समजा. भौतिकच्या पद्धतीने ५०० वजा २००, म्हणजे अंतर्गत ऊर्जा ३०० ज्यूलने वाढली. रसायनच्या पद्धतीने त्याच वेळी `W` हे उणे २०० आहे, म्हणून ५०० अधिक उणे २००, पुन्हा ३००. एकाची खूण दुसऱ्याला लावली तर ७०० येतात, आणि उत्तर चुकलंय हे कळायला काही मार्ग राहत नाही.

वह्या वेगळ्या असतात तेव्हा हा गोंधळ होत नाही, कारण रसायनचा पेपर सोडवताना डोक्यात रसायनचीच वही असते. एका पानावर आणताना ते कुंपण आपणच काढून टाकतो. म्हणून गटातल्या प्रत्येक सूत्राशेजारी अक्षराचा अर्थ दोन शब्दांत लिहायचा, निदान जी अक्षरं दोन विषयांत फिरतात त्यांचा तरी. आमच्या पानावर `R` एकीकडे रोध होता आणि दुसरीकडे वायू स्थिरांक, `V` कुठे विभवांतर तर कुठे आकारमान, `λ` क्षयाच्या ओळीत क्षय स्थिरांक आणि प्रकाशाच्या ओळीत तरंगलांबी. सूत्राशेजारी एकक लिहिलं तरी बराचसा बंदोबस्त होतो.

सगळ्या चिठ्ठ्या जुळत नाहीत, जुळवूही नयेत. वनस्पतींच्या वर्गीकरणाचं भौतिकशी काही नातं नाही, ते ओढून-ताणून लावलं तर लक्षात ठेवायला एक गोष्ट वाढते. आमचे पाच गट झाले आणि सात चिठ्ठ्या सुट्या राहिल्या. त्या सुट्याच ठेवल्या.

सगळंच महत्त्वाचं वाटतं तेव्हा

प्राधान्य लावायला सांगितलं की बहुतेक मुलं हायलायटर घेतात आणि अर्ध्या तासात सगळं पिवळं होतं. वाचताना महत्त्व ठरवलं की असंच होणार. समोर दिसणारी गोष्ट ओळखीची वाटते, आणि ओळखीचं ते येतं, असा समज होतो.

म्हणून फोटो बंद. कोरा कागद आणि २९ चिठ्ठ्या, त्यांवर फक्त मुद्द्याचं नाव. दर चिठ्ठीला दोन मिनिटं: सूत्र किंवा मुख्य विधान आठवून लिहायचं, सूत्र असेल तर ते कधी लागू होतं तेही. याला तासभर गेला. मग फोटोंशी ताडून बघितलं. ११ चिठ्ठ्या पूर्ण बरोबर आल्या. त्या मी बाजूला काढल्या तेव्हा त्याचा जीव कासावीस झाला, कारण त्यात त्याला सर्वांत आवडणारा भिंगांचा धडाही होता. पण जे आत्ता न बघता येतंय त्याला चारशे शब्दांतले तीस शब्द देणं परवडत नाही. अशा मुद्द्यांची फक्त नावं पानाच्या तळाशी एका ओळीत लिहिली, म्हणजे ते राहून गेले की काय अशी धास्ती वाटत नाही.

उरले १८. त्यांच्यासाठी दोनच प्रश्न विचारले: अभ्यासक्रमात या भागाला गुण किती आणि मला यातलं किती आलं नाही. गुण जास्त आणि येत नाही, असे सात निघाले, ते पहिल्या पायरीवर. गुण जास्त पण अर्धवट येतंय, असे सहा दुसऱ्या पायरीवर. गुण कमी असलेले पाच तिसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीला किती मुद्दे घ्यायचे याची मर्यादा आधीच ठरवून ठेवा, आठपेक्षा जास्त नको. नववा आत घ्यायचा तर आधीच्या आठांतला एक खाली उतरवायचा. ही सक्ती नसली की पुन्हा सगळं पिवळं.

गट आणि प्राधान्य यांची इथे थोडी ओढाताण होते. क्षयाच्या गटातली रसायनची ओळ पहिल्या पायरीची होती आणि लोकसंख्येची तिसऱ्या. गट फोडायचा का? माझ्या मते नाही. गटातला सर्वांत वरचा मुद्दा ज्या पायरीचा, तिथे अख्खा गट बसवायचा आणि खालच्या पायरीच्या ओळीला जागा कमी द्यायची. गट फोडला की एकच कल्पना पानावर दोनदा लिहावी लागते.

पान भरताना

पानाच्या वरच्या निम्म्या भागात पहिली पायरी, त्याखाली दुसरी, उजव्या खालच्या कोपऱ्यात तिसरी. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी पेन्सिलने चौकटी आखून घेतल्या आणि प्रत्येक गटाला ओळी वाटून दिल्या. क्षयाच्या गटाला १२ ओळी म्हणजे १२च. तेरावी लागली तर त्याच चौकटीतली एखादी ओळ छाटायची, शेजारच्या चौकटीत घुसायचं नाही. आधी छाटायची ती व्याख्या, कारण ती बहुधा सूत्रातच असते. सूत्राची अट आणि एकक शेवटपर्यंत ठेवायचं.

आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी फोटोचा नंबर. `C-11`, `P-09`, एवढंच. तीन अक्षरांची जागा जाते, पण शंका आली की ४३ फोटो सरकवत बसावं लागत नाही.

पान झालं. पाठीमागची बाजू कोरी राहिली, ती तशीच ठेवायला मी सांगितलं.

पान तपासायचं कसं

वाचून नाही. पहिल्या पायरीच्या दर मुद्द्यावरचं एक गणित घ्यायचं आणि फक्त हे पान समोर ठेवून सोडवायचं. वही बंद, फोटो बंद. जिथे अडेल तिथे पानात काहीतरी कमी आहे.

सातपैकी सहा गणितं सुटली. सातवं रसायनचं होतं: सुरुवातीची संहती ०.८ मोल प्रति लिटर, वेग स्थिरांक ०.०२ मोल प्रति लिटर प्रति मिनिट, हाफ-लाइफ काढा. त्याने पान बघून ०.६९३ ला ०.०२ ने भागलं आणि ३४.६५ मिनिटं लिहिली. पुस्तकातलं उत्तर होतं २०.

आकडेमोड बरोबर होती. मी त्याला एककाकडे बघायला सांगितलं. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनमध्ये वेग स्थिरांकाचं एकक नुसतं 'प्रति मिनिट' असतं, त्यात संहती येत नाही. इथे 'मोल प्रति लिटर प्रति मिनिट' आहे, म्हणजे ही झिरो ऑर्डर रिॲक्शन आहे, आणि तिचं सूत्रच वेगळं:

```
t½ = [A]0 / 2k = 0.8 / (2 × 0.02) = 20
```

मग पानावर ही अट का नव्हती? नोंदीखाली `C-11` लिहिलेलं होतं, तो फोटो उघडला. हाफ-लाइफचं सूत्र पानाच्या अगदी तळाशी होतं आणि त्याखालची ओळ अर्धी कापली गेली होती. अक्षरांची फक्त वरची टोकं दिसत होती. भाच्याने वही काढली. कापलेल्या ओळीत लिहिलं होतं, 'फक्त फर्स्ट ऑर्डरसाठी', आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला झिरो ऑर्डरचं सूत्र होतं. त्या पानाचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता.

त्याने `C-11` परत काढला, या वेळी वही सपाट ठेवून आणि चारही कोपरे चौकटीत घेऊन. राहिलेल्या पानाला `C-11a` नाव दिलं. क्षयाच्या चौकटीतल्या बारा ओळी भरलेल्या होत्या, म्हणून लोकसंख्येची ओळ त्याने दोन शब्दांनी छोटी केली आणि रसायनच्या ओळीपुढे लिहिलं: 'फर्स्ट ऑर्डर, `k` चं एकक min⁻¹, झिरो असेल तर `[A]0/2k`'. मग कापलेल्या कडा आणखी कुठे आहेत ते बघायला उरलेले सगळे फोटो पुन्हा एकदा मोठे करून बघायला बसला.